शाळेच्या कंपाउंडचं कोटेशन आलंय? रकमेआधी सोबतचं पत्र वाचा

पावसाळा संपला की सीमाभागातल्या बऱ्याच गावांत एक विषय हमखास निघतो: शाळेचं कंपाउंड पडलंय, ते कोण आणि कसं बांधणार. शाळा सुधारणा समितीची, म्हणजे आपल्याकडच्या एसडीएमसीची बैठक बसते. दोन-तीन ठेकेदारांना बोलावलं जातं आणि ते आपापलं कोटेशन देतात. मग सगळ्यांची नजर थेट खालच्या रकमेवर जाते. ज्याची रक्कम कमी, त्याला काम.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात या वेळी तसंच होणार होतं. दोन कोटेशन आली होती. एक होतं एका ओळीचं: ‘शाळेची पडलेली ४० फूट भिंत बांधून देणे, मालमजुरीसह, ठोक रक्कम.’ दुसऱ्या ठेकेदाराने रकमेच्या कागदावर आणखी एक पान जोडलं होतं. त्यात त्याने काय मोजलं आणि काय गृहीत धरलं, ते लिहिलं होतं. त्याची रक्कम जास्त होती. समितीतल्या एका पालकाने ते पान मोठ्याने वाचून दाखवलं आणि बैठकीचा रंग बदलला. भिंत का पडली, याचं उत्तर त्या पानात होतं. ते वाचलं नसतं, तर नवी भिंतही पुढच्या एखाद्या पावसात तशीच पडली असती.

ते पान साधारण असं होतं.

विषय: शाळेच्या मागील कंपाउंड भिंतीची दुरुस्ती

जागेवर येऊन टेप लावून घेतलेली मापे:

१. मागील भिंत एकूण १२० फूट. त्यात पडलेली ४० फूट आणि तिला लागून कललेली २० फूट. अशी ६० फूट भिंत पायापासून नवीन. उरलेली ६० फूट जागेवर ठेवून फक्त आतल्या बाजूने गिलावा.
२. पायखोदाई २ फूट रुंद, ३ फूट खोल. खांबाच्या जागी १ फूट जास्त रुंद. सुमारे ४ ब्रास.
३. तळाला ४ इंच काँक्रीट, ४५ घनफूट. त्यावर दीड फूट रुंदीचा दगडी पाया, पावणेतीन ब्रास, सिमेंट-वाळू १:६.
४. जमिनीलगत काँक्रीटचा पट्टा ९ × ६ इंच, ६० फूट. सळी सुमारे ६० किलो.
५. भिंत ९ इंच जाड, ५ फूट उंच, दर १० फुटांवर खांब. जांभा चिरा १५ × ९ × ७ इंच, एकूण ४५० नग. पैकी १५० जुने, ३०० नवीन.
६. नवीन भिंतीला दोन्ही बाजूंनी गिलावा ६५० चौरस फूट, जुन्या भिंतीला ३०० चौरस फूट. नवीन भिंतीवर ६० फूट कोपिंग.
७. पाणी जायला ३ इंची पाइप, दर ६ फुटांवर एक, १० नग.
८. सिमेंट एकूण ४७ गोण्या.

हे धरून दर दिला आहे:

अ. ३ फुटांवर पक्का मुरूम लागेल. न लागल्यास जादा खोदाई व पाया दोघांनी मोजून, ब्रासच्या दराने वेगळा.
आ. पडलेल्या भिंतीतून १५० चिरे चांगले निघतील. कमी-जास्त निघाल्यास फरक नगाच्या दराने.
इ. भिंतीला आतून लागलेला ३ फूट उंचीचा मातीचा भराव शाळेने काम सुरू होण्याआधी भिंतीपासून ५ फूट मागे घ्यावा. भराव तसाच ठेवायचा असल्यास ही भिंत चालणार नाही. त्यासाठी वेगळ्या प्रकारची भिंत लागेल.
ई. भिंत जुन्याच रेषेवर. हद्दीची मोजणी यात नाही.
उ. पाणी शाळेच्या बोअरचे.
ऊ. राडारोडा दोन ट्रॉली बाहेर नेणार. खोदाईची माती मैदानाच्या खोलगट भागात पसरणार.
ए. गेट, रंगकाम आणि जुन्या ६० फुटांचा पाया यात नाही.
ऐ. दर ३० दिवसांसाठी.

एवढंच पान. पण यातली प्रत्येक ओळ तपासता येते, आणि तेच याचं खरं मोल आहे. कसं तपासायचं ते पाहू.

चाळीस की साठ?

पहिला फरक लांबीतच आहे. एका ओळीच्या कोटेशनमध्ये ४० फूट, या पानात ६० फूट. वरवर बघणाऱ्याला वाटेल, ठेकेदार काम वाढवतोय. तसं आहे की नाही हे कळायला इंजिनिअर लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. उभ्या असलेल्या भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडायचा आणि तळाशी भिंत किती आत किंवा बाहेर आहे ते मोजायचं. या शाळेत पडलेल्या भागाच्या शेजारची भिंत पाच फुटांत दोन इंच बाहेर झुकलेली होती. शिवाय आतल्या बाजूने तळाशी आडवी भेग होती. झुकाव आणि त्याच्या उलट बाजूला तळाची भेग, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की भिंत पायाशी वळायला लागली आहे असं समजावं. तिच्यावर गिलावा मारून भेग झाकली जाईल, पण भिंत सरळ होणार नाही. नव्या ४० फुटांना अशा भिंतीचा दात जोडला तर ती नव्या कामालाही सोबत ओढते. म्हणून ते २० फूट पाडणंच बरोबर होतं.

चिऱ्यांचा हिशेब

खानापूर, चंदगड, सावंतवाडी, गोव्याकडे जांभा चिरा सगळ्यांच्या ओळखीचा. पण चिऱ्याचं माप प्रत्येक खाणीत थोडं वेगळं पडतं, म्हणून पानावर माप लिहिलेलं असणं महत्त्वाचं. माप नसेल तर ‘४५० चिरे’ या आकड्याला अर्थ नाही.

हिशेब असा. १५ इंच लांब, ७ इंच उंच चिरा, त्याला अर्धा इंच मसाल्याचा सांधा धरला तर दर्शनी बाजूने एक चिरा साडेपंधरा गुणिले साडेसात इंच जागा व्यापतो. म्हणजे सुमारे ०.८१ चौरस फूट. भिंत ६० फूट लांब आणि ५ फूट उंच, म्हणजे ३०० चौरस फूट. भागाकार केला की ३७२ चिरे येतात. पाच फूट उंचीत साडेसात इंचाचे आठ थर बसतात. दोन्ही टोकं धरून दर दहा फुटांवर सात खांब आहेत, आणि प्रत्येक खांबाला प्रत्येक थरात एक चिरा जादा लागतो. आठ गुणिले सात म्हणजे ५६. एकूण ४२८. वाहतुकीत आणि घडताना फुटणाऱ्यांसाठी वीसेक वाढवले की ४५०. आकडा बरोबर आहे.

आता जुन्या चिऱ्यांचं. पडलेल्या आणि पाडायच्या ६० फुटांतही असेच सुमारे ३७२ चिरे होते. त्यातले १५०, म्हणजे शंभरातले चाळीसच, परत वापरता येतील असं ठेकेदाराने धरलंय. हे गृहीत आहे, कारण ढीग उपसल्याशिवाय खरा आकडा कुणालाच कळत नाही. कोसळताना जांभ्याचे कोपरे तुटतात आणि जुना मसाला चिकटलेला चिरा साफ करायला मजुरी जाते. एखादा ठेकेदार ३०० जुने चिरे धरून दर कमी दाखवू शकतो. मग काम सुरू झाल्यावर एक तर तो जादा पैसे मागतो, नाहीतर फुटके चिरे भिंतीत घालतो. उलट जुने चिरे हिशेबातच न धरता सगळे नवीन लावून, जुने स्वतः घेऊन जाणाराही असतो. आकडा आणि नगाचा दर लिहिलेला असला की दोन्ही वाटा बंद होतात. ढीग उपसून चांगले चिरे एका बाजूला रचायचे, समितीतल्या दोघांनी मोजायचे, विषय संपला.

जमिनीखाली काय गेलं?

कंपाउंडच्या कामात सगळ्यात जास्त वाद पायाचे होतात, कारण पाया बुजवला की पुरावा बुजला. एका ओळीच्या कोटेशनमध्ये पायाचा उल्लेखच नव्हता. समितीने विचारल्यावर उत्तर आलं, ‘जुन्याच पायावर उभी करणार.’ ज्या पायावर भिंत वळून पडली, त्याच पायावर!

पानात खोदाई ३ फूट धरली आहे, पक्का मुरूम तिथे लागेल या भरवशावर. आपल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात हे बहुतेकदा जुळतं, पण जुनी विहीर बुजवलेली असेल, नाला वळवलेला असेल, तर मऊ माती खोलवर जाते. पहार आपटून बघावी. ती सहज घुसत असेल तर अजून खोदायला हवं. जादा खोदाईचे पैसे द्यावे लागतील, ते योग्यही आहे. पण मोजणी खड्डा उघडा असतानाच व्हायला हवी. टेप दिसेल असा फोटो काढावा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात. बुजवल्यानंतर सांगितलेली खोली मान्य करू नये.

सिमेंटच्या गोण्यांचा आकडाही इथेच कामाला येतो. ४७ पैकी सर्वांत जास्त, साधारण १४ गोण्या दगडी पायातच जातात. मसाला १:६ ऐवजी १:८ केला तर त्या ११ होतात. तीन गोण्या वाचतात आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून पायाचं काम पूर्ण झालं त्या संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजाव्यात. तळाच्या काँक्रीटच्या चार-पाच धरून अठरा-एकोणीसच्या आसपास हव्यात. बारा-तेराच निघाल्या तर गवंड्याला विचारायला जागा आहे. रिकाम्या गोण्या शाळेतच ठेवायच्या, हा साधा नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकावा.

ब्रासबद्दलही एक गोष्ट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सरकारी अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असतं, तिथे एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. पंचायतीकडे कागद कन्नडमधून जातात, समितीची वही मराठीत असते, आणि या उलथापालथीत ‘४ ब्रास’चे ‘४ घनमीटर’ झाले तर खोदाई कागदावर जवळपास एक तृतीयांशावर येते. दोन्ही भाषांच्या कागदांवर आकड्यासोबत एकक आणि लांबी-रुंदी-खोली तिन्ही लिहिलं की घोळ होत नाही. वाळू-खडीची ट्रॉली आली तरी ‘एक ब्रास’ या शब्दावर न जाता टेप लावून लांबी, रुंदी आणि मालाची उंची गुणून बघावी.

भिंत पडली का?

आता ‘इ’ची ओळ. सगळ्या पानात हीच मोलाची.

काही वर्षांपूर्वी शाळेत नवीन शौचालय झालं. त्याच्या खोदाईची माती आणि मैदान सपाट करताना निघालेला मुरूम, सगळं मागच्या भिंतीला आतून टेकवून टाकलं गेलं. तीन फूट उंचीचा ढीग झाला. पोरांना वर चढून पलीकडे बघायला जागा झाली, बाकी कुणाच्या डोळ्यांत ते खुपलं नाही.

पण त्या दिवसापासून भिंतीचं काम बदललं. कंपाउंडची भिंत बांधलेली असते आडोशासाठी. तिच्यावर फक्त स्वतःचं वजन आणि वारा असतो. माती टेकवली की ती माती अडवणारी भिंत होते आणि त्यासाठी ९ इंच जाडी पुरत नाही. कोरड्या दिवसांत तीन फूट मातीचा जोर अशी भिंत कशीबशी पेलते. मोठ्या पावसात ढीग भिजतो, पाण्याला बाहेर पडायला भोक नसतं आणि मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो. मग एकूण दाब कोरड्याच्या दुपटीहून जास्त होतो आणि भिंत तळाशी वळून बाहेर पडते. इथे ती गावच्या पाऊलवाटेवर पडली. त्याच वाटेने मुलं शाळेत येतात. सुट्टीचा दिवस होता, म्हणून कुणी सापडलं नाही.

ढिगाची उंची किती महत्त्वाची असते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मातीची उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा दाब चौपट होतो आणि तिला उलथवणारा जोर आठपट. दीड फुटाच्या भरावाला काही न झालेली भिंत तीन फुटांच्या भरावाला पडते, ती याच हिशेबाने.

म्हणून ठेकेदाराने लिहिलं की भराव मागे घ्या, नाहीतर ही भिंत चालणार नाही. काहींना हे अंग काढून घेणं वाटलं. खरं तर उलट आहे. आपल्या कामाची मर्यादा त्याने आधीच सांगितली. भराव ठेवायचाच असता, तर रुंद तळाची दगडी किंवा सळईच्या काँक्रीटची राखण भिंत लागली असती. तिचा नकाशा इंजिनिअरने करायचा असतो आणि खर्च कितीतरी जास्त होतो. ६० फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच भराव म्हणजे ९०० घनफूट, ९ ब्रास. जेसीबीचं एका दिवसाचं काम. त्या तुलनेत राखण भिंतीचा विषयच नको.

पाइपांचं कारणही तेच. भराव हटला तरी मैदानाचं पाणी मागे वाहत येणारच. दर सहा फुटांवर जमिनीच्या पातळीला पाइप ठेवले आणि आतल्या तोंडाशी खडी टाकली की पाणी भिंतीशी साचत नाही. पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. गिलावा करताना त्याची तोंडं बुजवली जातात, हा नेहमीचा प्रकार. काम झाल्यावर प्रत्येक पाइपात बादलीभर पाणी ओतून बघावं, पलीकडे आलं पाहिजे. दहा पाइप, दहा बादल्या.

आणि ‘ऊ’ची ओळ बघा: खोदाईची माती खोलगट भागात पसरणार. हे लिहिलं नाही तर ती माती कुठे जाते? नव्या भिंतीला टेकून!

दोन्ही कोटेशन एका मापात

समितीने शेवटी एक सोपी गोष्ट केली. या पानातले मुद्दे एका कागदावर प्रश्न म्हणून उतरवले: लांबी किती, पाया नवीन की जुना, खोली किती, चिऱ्याचं माप काय, जुने किती धरले, मसाला कसला, पाइप आहेत का, राडारोडा कोण नेणार, पाणी कुणाचं. तोच कागद एका ओळीच्या ठेकेदाराकडे पाठवला. त्यानेही प्रामाणिकपणे उत्तरं भरली. ६० फूट, नवीन पाया आणि पाइप धरल्यावर त्याची रक्कम पहिल्यासारखी राहिली नाही, दोघांत किरकोळ फरक उरला. आधी दिसत होती ती स्वस्ताई भिंतीची नव्हती, न लिहिलेल्या कामाची होती.

या पानातही उणिवा होत्या, समितीने त्या भरून घेतल्या. नव्या बांधकामावर किमान सात दिवस पाणी मारायचं, ते कोण मारणार हे लिहिलं नव्हतं. ते ठेकेदाराकडे आलं. काम सुरू असताना पाऊलवाट बंद ठेवणं आणि कललेली भिंत शाळा भरलेली असताना न पाडणं, हेही जोडलं. जुन्या भिंतीच्या रेषेबद्दल शेजारच्या शेतकऱ्याशी आधीच बोलून घेतलं, कारण मोजणी यात नाही असं ‘ई’मध्ये स्पष्ट होतं आणि पाया खोदल्यावर हद्दीचा वाद नको होता. उरलेल्या ६० फुटांचा पाया यात नाही, म्हणून तिथे ओळंबा लावून आजचा आकडा भिंतीवरच खडूने आणि वहीत तारखेसह लिहून ठेवला. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा लावायचा. आकडा वाढला तर समजायचं की तिचीही वेळ आली.

जेसीबी येऊन भराव हटला, त्यानंतरच पायाची दोरी लागली. खड्ड्यात दोन ठिकाणी मुरूम तीन फुटांवर लागला नाही. साडेतीन फूट जावं लागलं. तेवढे पैसे जादा गेले, वाद मात्र झाला नाही, कारण ते ‘अ’मध्ये लिहिलेलं होतं.